चिनी पाहुण्यांच्या ग्रुपसाठी दिवसवार कार्यक्रमपत्रक कसं लिहावं: अजिंठा-वेरूळच्या सहलीचं उदाहरण

चिनी भाषेचा दोन-तीन वर्षांचा अभ्यास झाला की आपल्याकडच्या मुलामुलींना पहिलं काम बहुधा एखाद्या टूर ऑपरेटरकडून मिळतं. तैवान, हाँगकाँग, सिंगापूर किंवा चीनमधून ग्रुप येणार असतो आणि त्यांना कार्यक्रम चिनी भाषेत हवा असतो. भाषा येते, व्याकरण चुकत नाही, तरी पत्रक हातात पडल्यावर पाहुणे गोंधळतात. याचं कारण असं की कार्यक्रमपत्रक लोक निबंधासारखं वाचत नाहीत. पहाटे लिफ्टमध्ये, चष्मा न लावता, मोबाईलच्या पडद्यावर ते एक प्रश्न घेऊन बघतात: आता किती वाजता, कुठे उभं राहायचं, आणि जेवायला काय? त्याचं उत्तर एका नजरेत मिळालं पाहिजे.

मी इथे एकच उदाहरण घेऊन सगळं सांगतो. तैवानहून वीस जणांचा बौद्ध यात्रेकरूंचा ग्रुप येतोय. त्यात बरेचसे साठीच्या पुढचे, दोन भिक्षुणी, सगळे शाकाहारी. मुंबईत उतरून ते छत्रपती संभाजीनगरला जाणार, अजिंठा आणि वेरूळ बघणार आणि परत मुंबईमार्गे घरी. अशा ग्रुपला अजिंठ्याबद्दल वेगळी ओढ असते. सातव्या शतकात ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला होता आणि डोंगरातल्या एका विहाराचं, त्याच्या दाराशी असलेल्या दगडी हत्तींचं वर्णन त्याने लिहून ठेवलं आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याखाली ते हत्ती आजही उभे आहेत. हे वाचून आलेले लोक असतात, त्यांचा एकही तास वाया जाता कामा नये.

आधी कॅलेंडर, मग भाषा

चिनी अक्षर लिहिण्याआधी वार तपासा. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. आपला मूळ आराखडा असा: मंगळवार १९ जानेवारी २०२७ला ग्रुप तैवानहून निघतो, मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरतो, बुधवारी मुंबई, गुरुवारी संभाजीनगर आणि औरंगाबाद लेणी, शुक्रवारी अजिंठा, शनिवारी वेरूळ आणि संध्याकाळी परत मुंबई. सगळं जुळतं.

आता समजा तिकडच्या एजन्सीने कळवलं की तिकिटं तीन दिवस पुढची मिळताहेत. नवखा माणूस सगळ्या तारखांत तीन मिळवतो आणि पत्रक पाठवून देतो. पण शुक्रवारचा सोमवार होतो आणि शनिवारचा मंगळवार, म्हणजे दोन्ही लेणी नेमक्या आपापल्या सुट्टीच्या दिवशी येतात. उपाय सोपा आहे. दोन दिवसांची अदलाबदल करायची, सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. मात्र त्या आठवड्यात मंगळवार २६ जानेवारी आहे. सार्वजनिक सुट्टीला अजिंठ्याला तुफान गर्दी होते, ते एजन्सीला आधीच लिहून कळवा. तारीख बदलली की वार पुन्हा कॅलेंडरवरूनच उतरवायचा, जुन्या पत्रकातून नाही. चिनीत वार आकड्यांनी लिहितात आणि एक, दोन, तीन ही अक्षरं एकेका रेघेने वेगळी असतात; कॉपी-पेस्टमध्ये चुकलेली एक रेघ कुणाच्या लक्षात येत नाही.

तारखेचा क्रमही ध्यानात ठेवा. चिनीत वर्ष, महिना, दिवस असा क्रम असतो. आपल्या हॉटेलच्या पावतीवर 05/02 असेल तर आपण पाच फेब्रुवारी वाचतो, ते दोन मे वाचतात. म्हणून नुसती तिरकी रेघ कधीच नको, 月 आणि 日 ही अक्षरं घालूनच लिहा.

आणखी एक घोळ दिवसांच्या क्रमांकाचा. आपण पहिला दिवस विमान उतरल्यापासून मोजतो, ते घरून निघाल्यापासून. त्यांच्याकडच्या छापील पत्रकात अजिंठा चौथ्या दिवशी असेल आणि आपल्यात तिसऱ्या, तर पहिल्या संध्याकाळपासून प्रश्न सुरू होतात. त्यांचाच क्रमांक घ्या.

कोणती लिपी, कोणते शब्द

तैवान आणि हाँगकाँगसाठी पारंपरिक अक्षरं, चीन आणि सिंगापूरसाठी सरलीकृत. संगणक एका लिपीतून दुसरीत बदलून देतो, पण शब्द तेच ठेवतो, आणि शब्दही वेगळे असतात. तैवानच्या माणसाला मुक्कामाचं हॉटेल म्हणजे 飯店, चीनच्या माणसाला 酒店. टॅक्सी तैवानात 計程車, चीनमध्ये 出租车. लेण्यांपर्यंत नेणारी छोटी बस तैवानात 接駁車 म्हटली की लगेच कळते.

ठिकाणांची नावं चिनीत एकाहून अधिक प्रकारे लिहिली जातात. अजिंठ्याचंच 阿旃陀 आणि 阿姜塔 अशी दोन रूपं भेटतात. एजन्सीने जे रूप वापरलं आहे ते घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा. शेजारी पाटीवर दिसणारं रोमन लिपीतलं नाव द्या, कारण हरवलेला पाहुणा रिक्षावाल्याला चिनी अक्षरं दाखवून उपयोग नाही. संभाजीनगरबाबत जास्त काळजी हवी. चिनी नकाशांवर आणि पुस्तकांत जुनं नावच आहे, पाट्यांवर नवं. दोन्ही एकाच ओळीत लिहा, नाहीतर पाहुण्यांना ही दोन शहरं वाटतात.

```
奧蘭加巴德 Aurangabad
（現名 Chhatrapati Sambhajinagar，同一城市）
```

वेळ लिहिताना

चोवीस तासांचं घड्याळ वापरा. पण मध्यरात्रीनंतरच्या वेळेला तेवढ्याने भागत नाही. विमान २० तारखेला 00:40 वाजता उतरत असेल तर निम्मे लोक "वीस तारखेची रात्र" असं समजतात आणि हॉटेलचं बुकिंग वीसच्या रात्रीपासून होतं. मग पहाटे अडीच वाजता वीस दमलेली माणसं रिसेप्शनसमोर उभी आणि खोल्या दुपारी मिळणार. अशा वेळेआधी 凌晨 हा शब्द घालायचा, म्हणजे मध्यरात्रीनंतरची पहाट, आणि खोली कोणत्या रात्रीपासून घेतली आहे ते वेगळ्या ओळीत लिहायचं.

```
第2天　2027年1月20日（週三）
凌晨 00:40　抵達孟買機場（當地時間）
凌晨 02:30　專車抵達飯店，入住
★ 客房自1月19日晚起預訂
```

「當地時間」 म्हणजे स्थानिक वेळ. भारत तैवान आणि चीनच्या अडीच तास मागे आहे. हा अर्धा तास त्यांना नवीन असतो, कारण त्यांच्या नेहमीच्या प्रवासात फरक पूर्ण तासांचा असतो. हातातलं घड्याळ दोन तास मागे केलेला एखादा आजोबा दर ग्रुपमध्ये निघतो. पहिल्याच पानावर ठळक लिहा: 印度比台灣慢2小時30分.

घड्याळाची वेळ आणि लागणारा वेळ यांत गोंधळ होऊ देऊ नका. रस्त्याला अडीच तास लागणार असतील आणि तुम्ही 2:30 लिहिलंत, तर वाचणारा दुपारचे अडीच समजेल. कालावधीला नेहमी 小時 किंवा 分鐘 लावा, घड्याळाच्या वेळेला दोन आकडी तास. त्याचप्रमाणे अंतर 公里 मध्येच. नुसतं 里 लिहिलं तर ते पारंपरिक चिनी माप होतं, साधारण अर्धा किलोमीटर.

सकाळच्या तीन वेळा त्यांच्याकडे ठरलेल्या असतात: उठवणारा फोन, नाश्ता, निघणं. लीडर रात्री बसमध्ये "उद्या सहा, सात, आठ" एवढंच म्हणतो आणि सगळ्यांना कळतं. पत्रकातही हाच क्रम ठेवा. मात्र जमण्याची आणि बस सुटण्याची वेळ वेगवेगळी लिहा, 集合 आणि 出發. एकच वेळ दिली तर काही जण त्या वेळेला बसमध्ये बसलेले असतात आणि काही जण तेव्हा खोलीचं दार लावत असतात.

वाहन

प्रत्येक प्रवासाला चार गोष्टी हव्यात: कशाने, किती लांब, किती वेळ, आणि मध्ये स्वच्छतागृह कुठे. चौथी गोष्ट आपण विसरतो आणि वयस्कर पाहुणे नेमकी तीच शोधतात. संभाजीनगर ते अजिंठा साधारण १०० किलोमीटर आहे. गाडीला अडीच ते तीन तास लागतात, तेव्हा पत्रकात तीन तासच धरा. वाटेत सिल्लोडच्या आसपास वीस मिनिटं थांबा लिहून ठेवा आणि स्वच्छ जागा कोणती ते ड्रायव्हरकडून आधी ठरवून घ्या. वेरूळ जवळ आहे, ३० किलोमीटरच्या आसपास, तिथे थांब्याची गरज नाही.

अजिंठ्याला खासगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या फाट्यावर उतरून तिथल्या बसने पुढचे सुमारे चार किलोमीटर जावं लागतं. हे पत्रकात नसेल तर लोक टोप्या, पाणी, औषधं आपल्या बसमध्ये ठेवून उतरतात आणि मग परत येता येत नाही. तिथे स्पष्ट ओळ हवी: सोबत काय घ्यायचं. पायऱ्या चढाव्या लागतात आणि न चढू शकणाऱ्यांसाठी डोली मिळते, हेही लिहा, म्हणजे ज्यांना गरज आहे ते आदल्या रात्रीच सांगतील.

जेवण: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

"शाकाहारी" हा एक शब्द पुरत नाही. तैवानमध्ये खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर शाकाहाराचे पाच प्रकार छापलेले असतात आणि यात्रेकरूंना स्वतःचा प्रकार अचूक माहीत असतो. बौद्ध ग्रुपमध्ये बहुतेकांना पाच उग्र वनस्पती वर्ज्य असतात, त्यांना 五辛 म्हणतात. कांदा, लसूण आणि त्यांच्या भाऊबंदांपैकी दोन वनस्पती, आणि पाचवं 興渠. हे पाचवं म्हणजे आपला हिंग. आधुनिक चिनीत त्याला 阿魏 असंही म्हणतात.

यातला धोका बघा. आपण हॉटेलला सांगतो, "जैन जेवण करा." आचारी कांदा-लसूण काढतो आणि चव यावी म्हणून हिंगाची फोडणी सढळ हाताने देतो. एक वर्ज्य वस्तू गेली, दुसरी ताटात आली. शिवाय जैन म्हटल्यावर तो बटाटाही काढतो, जो पाहुण्यांना मुळीच वर्ज्य नाही. पापडात, लोणच्यात, चाट मसाल्यात बहुधा हिंग असतोच, आणि तयार मसाल्यांच्या पाकिटांत कांदा-लसणाची पूड असते. म्हणून स्वयंपाकघरासाठी मराठीत वेगळी चिठ्ठी करा आणि पदार्थ न मोजता वस्तू मोजा: कांदा नाही, कांद्याची पात नाही, लसूण नाही, हिंग नाही, तयार मसाला नाही, बटाटा, आलं, मिरची, जिरं चालेल.

आपल्याकडे याचं एक सुरेख उत्तर तयारच आहे, ते म्हणजे उपवासाचे पदार्थ. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी यांत कांदा, लसूण, हिंग काहीच नसतं आणि कुठल्याही गावातल्या आचाऱ्याला "उपवासाचं करा" म्हटलं की वेगळं समजवावं लागत नाही. पाहुण्यांना भातासारखं मऊ, कमी तिखट खाणंही मिळतं. एवढं बघा की दूध-तूप न खाणारे असतील तर फोडणी शेंगदाण्याच्या तेलात हवी. "चायनीज" हॉटेलात मात्र अशा ग्रुपला नेऊ नका, आपल्या चायनीजचा पायाच लसूण आहे.

दुधाचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. 全素 म्हणजे अंडं, दूध आणि पाच उग्र वनस्पती, काहीही नाही. 奶素 म्हणजे दूध चालतं. दह्याचा, पनीरचा, तुपाचा निर्णय यावर ठरतो. प्रत्येक प्रकारचे किती जण हा आकडा एजन्सीकडून घ्या आणि पत्रकाच्या पहिल्या पानावर टाका, म्हणजे चुकलेला आकडा पाहुणे स्वतःच दुरुस्त करून कळवतात.

```
餐食：全素 6位（無蛋、奶、五辛）
　　　奶素 14位（含奶，無蛋、五辛）
★ 已告知廚房：不用蔥、蒜、興渠（阿魏）
```

भिक्षू-भिक्षुणी असतील तर आणखी एक गोष्ट विचारा: दुपारी बारानंतर जेवत नाहीत का? सगळेच पाळतात असं नाही, पण पाळणारे असतील तर संपूर्ण दिवसाची मांडणी बदलते. जेवण बाराच्या आत संपलं पाहिजे, वाढायला सुरुवात नव्हे. म्हणजे सव्वाअकराला ताटं समोर हवीत.

रोजच्या पत्रकात न्याहारी, दुपारचं, रात्रीचं अशा तिन्ही ओळी असू द्या, एखादं जेवण आपल्याकडे नसलं तरी. रिकामी जागा दिसली की ते छापायचं राहिलं असं वाटतं. विमानात मिळणार असेल तर तसं लिहा, स्वतःचं स्वतः बघायचं असेल तर 敬請自理. आणि गरम पाणी! थंड पाण्याची बाटली त्यांना स्वागत वाटत नाही. सकाळी निघताना थर्मास भरून मिळतील, ही ओळ वाचून ज्येष्ठ मंडळींचे चेहरे खुलतात.

अजिंठ्याचा दिवस, सबंध

आता वरचं सगळं एका पानावर कसं उतरतं ते बघा.

```
第4天　2027年1月22日（週五）
奧蘭加巴德 → 阿旃陀石窟 → 奧蘭加巴德

04:45　晨喚
05:15　早餐：飯店內（熱水裝瓶）
05:50　大廳集合
06:00　出發　專車 約100公里，約3小時
　　　　途中休息20分鐘（洗手間）
09:00　換乘接駁車 約4公里
　　　　★ 帽子、水、藥品請隨身攜帶
09:40　參觀（上）第1、2窟
11:15　午餐：素食餐盒，12:00前用畢
12:15　參觀（下）第9、10、16、17、19、26窟
　　　　★ 需走階梯；可代雇轎子
　　　　★ 部分石窟須脫鞋，禁用閃光燈
15:00　接駁車返回
15:30　專車返回 約3小時
19:00　晚餐：飯店內；另備熱飲

住宿：奧蘭加巴德（同前晚飯店）
```

अजिंठा नऊला उघडतं, म्हणून सहाला निघणं उशिराचं नाही आणि फार लवकरचंही नाही. पहिलं आणि दुसरं लेणं प्रवेशाच्या बाजूलाच आहे, चित्रांसाठी त्यांना वेळ हवा, म्हणून ती जेवणाआधी घेतली. तिथून जेवायला खाली येणं फार लांब पडत नाही. सव्वीसावं लेणं दुसऱ्या टोकाला आहे. तिथली सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती हा या ग्रुपच्या यात्रेचा गाभा असतो. तिच्यासमोर ते बसतात, मंत्र म्हणतात. त्यासाठी निदान वीस मिनिटं मनात धरून ठेवा आणि त्यानंतर दुसरं काही ठेवू नका.

या मांडणीची किंमत एवढीच की जेवणानंतर पुन्हा चढावं लागतं. बाराची अट पाळणारं कुणी नसेल तर दोन्ही भाग जोडून घ्या, दीड-पावणेदोनला जेवा आणि पायऱ्या एकदाच चढा. जेवणाचे डबे हॉटेलकडून बांधून घेतले आहेत, कारण वीस जणांचं हिंगाशिवायचं जेवण लेण्यांपाशी वेळेवर मिळेल याची खात्री देता येत नाही. रात्रीच्या ओळीतलं गरम पेय भिक्षुणींसाठी आहे. बाकीचे जेवत असताना त्यांच्यासमोरही काहीतरी असावं.

पानावर ताऱ्याची खूण तीनच ठिकाणी आहे. प्रत्येक ओळीला तारा लावला की एकही ओळ वाचली जात नाही.

पाठवण्याआधी

चिनी पत्रक तयार झालं की त्याच ओळींचं मराठी पत्रक करा, वेळा आणि क्रम जसाच्या तसा. ड्रायव्हरला, हॉटेलच्या मॅनेजरला आणि आचाऱ्याला ते द्या. लीडरने चिनी पानावर बोट ठेवलं की तुम्ही मराठी पानावरची तीच ओळ ड्रायव्हरला दाखवू शकता.

मग चिनी वाचणाऱ्या कुणाला तरी पत्रक द्या, पण "बरोबर आहे का?" असं विचारू नका. प्रश्न विचारा: शुक्रवारी पहाटे पावणेसहाला कुठे असाल? जेवण कधी संपलं पाहिजे? पहिल्या रात्रीची खोली कोणत्या तारखेची? उत्तर द्यायला पान दोनदा चाळावं लागलं तर ती ओळ बदला.

फाईल पीडीएफ करूनच पाठवा. वर्डमध्ये अक्षरं आणि ओळींची मांडणी दुसऱ्याच्या फोनवर विस्कटते. तैवानचे लोक लाईनवर असतात, चीनचे वीचॅटवर; व्हॉट्सॲपवर पाठवून वाट बघत बसू नका. एक दिवस एका पानावर बसवा, म्हणजे लीडर रोज रात्री फक्त उद्याचं पान ग्रुपमध्ये टाकू शकतो. आणि बदल झाला तर नुसता निरोप न पाठवता संपूर्ण पान नव्याने पाठवा, वरच्या कोपऱ्यात 修訂版 आणि त्या दिवसाची तारीख घालून, बदललेली वेळ रंगवून. जुनं पान कुणाच्या तरी फोनमध्ये राहतंच. कोपऱ्यातली तारीख बघून त्याला स्वतःलाच कळेल की आपल्याकडे कालचं आहे.